लॉक-इन, मेंटेनन्स आणि घोडबंदर रोडवरचा टूबीएचके: एका भाडेकराराची चिरफाड

मे महिना आला की ठाण्यात घरं बदलण्याची धांदल सुरू होते. शाळा उघडायच्या आत सामान हलवायचं असतं, एजंट एका दिवसात पाच फ्लॅट दाखवतो, त्यातला एक पसंत पडतो, टोकन दिलं जातं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर बारा पानी मसुदा येतो. तो वाचायला वेळ कुणाला असतो? बहुतेक जण भाडं, डिपॉझिट आणि तारीख तेवढी तपासतात आणि अंगठा द्यायला तयार होतात. मी ठाण्यात वकिली करते आणि लिव्ह अँड लायसन्सचे करार हे माझ्याकडचं रोजचं काम आहे. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडते. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावगाव आणि काही तपशील बदललेत. कलमं आणि हिशोब मात्र ठाण्यात रोज दिसतात तसेच आहेत.

नवरा-बायको दोघंही तिशीतले, सोबत पहिलीत जाणारी मुलगी. तो ऐरोलीला आयटी कंपनीत, ती मुलुंडला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीत टूबीएचके पसंत केलेला. मालक निवृत्त गृहस्थ, राहायला पुण्यात. भाडं ३२,०००, डिपॉझिट दीड लाख, मुदत २४ महिने, बारा महिन्यांनी पाच टक्के वाढ. त्या भागात यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. मसुदा एजंटने पाठवला होता आणि सोबत निरोप होता, "स्टँडर्ड आहे सगळं, परवा बायोमेट्रिकला मुलगा येईल."

ती दोघं माझ्याकडे आली ती मात्र एका वेगळ्याच शंकेने. एजंटने आणखी एक सुचवलं होतं की नोंदणीच्या भानगडीत न पडता नोटरी करून टाकू, पाच-सहाशेत काम होईल. चालेल का?

अजिबात नाही, आणि हे पहिल्यांदा निकाली काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे इतर राज्यांतून ऐकीव आलेलं ज्ञान महाराष्ट्रात लागू नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे नोटरीचा सल्ला खरं तर मालकाच्याच मुळावर येणारा. मालकांना फोनवर एवढं सांगितल्यावर नोटरीचा विषय तिथेच संपला.

मग मसुदा उघडला.

लॉक-इन: तीन कलमं एकत्र वाचली तेव्हा

मसुदा इंग्रजीत होता. आठव्या कलमाचा आशय असा: पहिले बारा महिने लॉक-इन राहील. त्याआधी भाडेकरूने जागा सोडली तर उरलेल्या लॉक-इन काळाचं पूर्ण भाडं द्यावं लागेल. हे वाचून नवरा म्हणाला, "ठीक आहे ना मॅडम, एक वर्ष तर आम्ही राहणारच आहोत."

पण अकराव्या कलमात लिहिलं होतं की लॉक-इनचा भंग झाल्यास डिपॉझिट जप्त होईल. आणि चौदाव्यात, लॉक-इन संपल्यानंतर भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन जागा सोडता येईल, मालकाला मात्र केव्हाही, कारण न देता, एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येईल. तीन कलमं तीन वेगवेगळ्या पानांवर होती. सुटी सुटी वाचली तर प्रत्येक जण म्हणतो, असतं असं.

मी त्यांना कागदावर हिशोब मांडून दाखवला. समजा पाच महिने राहिलात आणि बदली झाली. तोपर्यंत भाडं भरलं १,६०,०००. आठव्या कलमाप्रमाणे उरलेले सात महिने, सात गुणिले ३२,००० म्हणजे २,२४,०००. अकराव्या कलमाप्रमाणे डिपॉझिट गेलं, १,५०,०००. दोन्ही मिळून ३,७४,०००. पाच महिने राहण्याचं भाडं दीड लाखाच्या आसपास आणि बाहेर पडण्याची किंमत त्याच्या दुपटीहून जास्त.

बायकोने विचारलं, "पण असं कोर्टात टिकतं का?"

प्रश्न बरोबर होता. लॉक-इन म्हणजे काय आणि किती असावं, यावर भाडे नियंत्रण कायद्यात वेगळी तरतूद नाही. ती दोघांमधल्या कराराची अट आहे, म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम आधीच लिहून ठेवली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा. म्हणजे तुम्ही गेल्यावर मालकाने पुढच्याच महिन्यात दुसरा भाडेकरू ठेवला, तर सात महिन्यांचं नुकसान झालं असं त्याला सहजासहजी म्हणता येणार नाही. एकाच गोष्टीसाठी उरलेलं भाडंही घ्यायचं आणि डिपॉझिटही ठेवायचं, हेही कोर्टापुढे टिकवणं अवघड.

पण, आणि इथेच बहुतेक लोक फसतात, कायदा तुमच्या बाजूने असला तरी दीड लाख रुपये मालकाच्या खात्यात असतात. ते परत मिळवायचे तर दावा तुम्हाला लावावा लागणार. वकिलाची फी, तारखा आणि बदलीच्या गावाहून ठाण्याला खेपा. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप कोणी करत नाही आणि मालकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून लॉक-इनचं कलम पुढे कोर्टात टिकेल की नाही यावर डोकं शिणवण्यापेक्षा सही करण्याआधी त्यातली रक्कम खाली आणावी, हे माझं ठाम मत आहे.

आता मालकाची बाजूही बघू, कारण ती ऐकल्याशिवाय बोलणी पुढे जात नाहीत. लॉक-इन मागण्यात त्याचं काही चुकत नाही. त्याने एजंटला ब्रोकरेज दिलेलं असतं, घर रंगवलेलं असतं, आणि भाडेकरू तीन महिन्यांत गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. मधले एक-दोन महिने घर रिकामं राहतं. म्हणजे त्याचं खरं नुकसान एक-दोन महिन्यांचं भाडं आणि एकदाचं ब्रोकरेज इतकं असतं. कलम त्या मापाचं हवं, बारा महिन्यांच्या मापाचं नको.

पुण्याला फोन लावला. स्पीकरवर बायको बोलली, "काका, आम्हाला दोन वर्षं राहायचंच आहे, मुलीची शाळा इथेच आहे. पण नोकरीचं काही सांगता येत नाही हो." काका आधी थोडे ताठर होते. आधीचा भाडेकरू चौथ्या महिन्यात निघून गेला होता, त्याचा राग अजून होता. पण हिशोब ऐकल्यावर तेही म्हणाले की मसुदा त्यांनी स्वतः वाचलेला नाही, एजंटचाच आहे.

शेवटी ठरलं ते असं. लॉक-इन सहा महिने, आणि दोघांनाही सारखंच. त्या काळात मालकाला करार संपवायचा असेल तर एकच कारण चालेल, दोन महिन्यांचं भाडं थकणं. भाडेकरू सहा महिन्यांच्या आत गेला तर लॉक-इन संपेपर्यंतचं किंवा नवा भाडेकरू येईपर्यंतचं भाडं, यातलं जे आधी होईल ते, आणि कोणत्याही परिस्थितीत दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. डिपॉझिट जप्तीचं वाक्य काढून टाकलं. लॉक-इननंतर भाडेकरूची नोटीस एक महिना, मालकाची दोन महिने. घर शोधायला वेळ भाडेकरूला लागतो, म्हणून ही तफावत मी मुद्दाम मागते, आणि मालक सहसा कबूल होतात.

यात एक बारीक वाक्य घातलं ते जवळजवळ सगळ्या मसुद्यांत नसतं: नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, आणि नोटिशीचा काळ आणि लॉक-इनचा काळ एकाच वेळी चालेल. मूळ मसुद्यात "लॉक-इन संपल्यानंतर दोन महिन्यांची नोटीस" असं होतं. त्याचा सरळ अर्थ असा की बारा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात चौदा महिन्यांचं.

मेंटेनन्स: सोसायटीचं बिल मागवा

सहाव्या कलमात एकच वाक्य होतं: सोसायटीचा मेंटेनन्स व इतर सर्व देय रक्कम, वेळोवेळी होणाऱ्या वाढीसह, भाडेकरूने भरावी. एजंटने तोंडी सांगितलं होतं, "चार-साडेचार हजार येतो मेंटेनन्स."

यावर माझा नेहमीचा आग्रह असतो की मालकाकडून सोसायटीची शेवटची तीन महिन्यांची बिलं मागवावीत. दोन कारणांसाठी. एक म्हणजे बिलावर सदस्याचं नाव असतं, तेव्हा भाडं घेणारा माणूस खरोखर मालक आहे ना, आणि त्याची थकबाकी तर नाही ना, हे कळतं. थकबाकी फार असेल तर सोसायटीबरोबरच्या भांडणाचा ताप शेवटी त्या घरात राहणाऱ्यालाच होतो. दुसरं म्हणजे आकडा कशाचा बनलाय ते दिसतं.

काकांनी बिलाचा फोटो पाठवला. सेवाशुल्क २,९००. पाणी ६५०. पार्किंग ५००. सिंकिंग फंड ३५०. दुरुस्ती निधी ७००. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस २९०. बेरीज ५,३९०. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, "मेजर रिपेअर व बाह्य रंगकाम, हप्ता ३/१६", २,५००. एकूण ७,८९०.

म्हणजे एजंटच्या "चार-साडेचार हजारां"चे जवळपास आठ हजार झाले. आणि त्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की सोसायटीने इमारतीच्या बाहेरच्या रंगकामासाठी प्रत्येक फ्लॅटवर चाळीस हजारांची वर्गणी लावली होती, सोळा हप्त्यांत. त्यातले तेरा हप्ते, म्हणजे ३२,५००, हे जोडपं भरणार होतं. दुसऱ्याच्या मालमत्तेला रंग आणि पैसे यांचे!

कोणती ओळ कोणाची, हे ठरवायला मी एक साधी कसोटी लावते. जो खर्च राहणाऱ्याच्या रोजच्या वापरापोटी होतो, तो भाडेकरूचा: वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, लिफ्टची वीज, पाणी, पार्किंग. जो खर्च इमारतीची किंमत टिकवतो तो मालकाचा. सिंकिंग फंड हा इमारत जुनी झाल्यावर मोठ्या कामांसाठी आणि पुनर्बांधणीसाठी साठवलेला पैसा असतो, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. हे दोन्ही सदस्याने भरायचे. चोवीस महिन्यांनी निघून जाणाऱ्याचा त्यात काय संबंध? मालमत्ता करही मालकाचाच.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तर नावाप्रमाणेच मालक स्वतः राहत नाही म्हणून लागतात. त्याची मर्यादाही ठरलेली आहे: राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. दहा टक्के धरायचे ते फक्त सेवाशुल्कावर, संपूर्ण बिलावर नाहीत. या बिलात २,९०० वर २९० लावले होते, म्हणजे सोसायटीचं गणित बरोबर होतं. काही सोसायट्या "भाडेकरू शुल्क" अशा नावाने एखाद-दोन हजार परस्पर लावतात, तेव्हा ही मर्यादा दाखवावी लागते, आणि ती मालकाने दाखवायची, कारण सोसायटीचा सदस्य तो आहे.

खरं तर ऑनलाइन नोंदणीसाठी ठाण्यात नेहमी वापरला जाणारा जो मसुदा आहे, त्यात मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी मालकाने, वीजबिल भाडेकरूने, अशीच वाटणी असते. एजंट त्यावर मालकाच्या सोयीचं एखादं वाक्य चढवतात आणि तरीही त्याला "स्टँडर्ड"च म्हणतात.

काकांचं म्हणणं होतं की सगळा मेंटेनन्स त्यांनीच भरायचा तर ३२,००० परवडत नाहीत. हेही खरं. राहणाऱ्याच्या बाजूच्या तीन ओळी, २,९०० अधिक ६५० अधिक ५००, मिळून ४,०५० होत होत्या. तेव्हा ठरलं की भाडं मेंटेनन्ससह ३६,००० आणि सोसायटीचं संपूर्ण बिल मालकाने भरायचं, रंगकामाच्या हप्त्यासकट. बारा महिन्यांनंतरची वाढ मूळ ३२,००० वर धरून १,६०० ची, म्हणजे दुसऱ्या वर्षी ३७,६००. एकत्रित आकड्यावर पाच टक्के लावले असते तर १,८०० झाले असते. फरक लहान आहे, पण कराराच्या कागदावर टक्का न लिहिता रुपयांतला आकडा लिहिला की पुढे वाद उरत नाही. नवरा जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घेत होता, त्यालाही हे सोयीचं पडलं, कारण वेगळा भरलेला मेंटेनन्स भाड्यात मोजला जात नाही.

घोडबंदर रोड म्हटलं की पाण्याचा विषय टाळता येत नाही. उन्हाळ्यात तिथल्या कित्येक सोसायट्या टँकरवर असतात, आणि टँकरचा खर्च नेहमीच्या बिलात न धरता वेगळ्या परिपत्रकाने वसूल होतो. "इतर सर्व देय रक्कम" या शब्दांत तो बिनबोभाट भाडेकरूवर येतो. मालक पुण्यात, त्यांना या पाण्याचा थेंब मिळत नाही, तेव्हा हा खर्च भाडेकरूने उचलावा हे मी मान्य केलं. पण सोसायटीचं परिपत्रक दाखवून, प्रत्यक्ष येईल तेवढाच, आणि महिन्याला ५०० च्या वर गेल्यास वरचा भाग मालकाचा. शिवाय घर घेण्याआधी वॉचमनला विचारून घ्या, पाणी किती वेळ येतं आणि मागच्या मे महिन्यात रोज किती टँकर आले. जे सेक्रेटरी सांगत नाही ते वॉचमन सांगतो.

डिपॉझिट, रंग आणि भिंतीतली ओल

मसुद्यात डिपॉझिट "नवा भाडेकरू मिळाल्यावर किंवा साठ दिवसांत, यातलं जे नंतर होईल तेव्हा" परत मिळणार होतं. "जे नंतर होईल" या तीन शब्दांनी साठ दिवसांना काही अर्थच उरत नाही. शिवाय घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाणार होतं, कितीही दिवस राहिलेलं असो.

ते बदलून घेतलं: चावी दिली त्याच दिवशी डिपॉझिट बँकेतून परत, फक्त शेवटच्या वीज आणि गॅसबिलासाठी ५,००० मागे ठेवायचे, तेही बिलं आल्यावर हिशोब करून पंधरा दिवसांत द्यायचे. रंगकामाची कपात पूर्ण काढली आणि लिहिलं की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून जे नुकसान होईल, त्याचाच खर्च पावती दाखवून कापता येईल.

पण झीज कुठली आणि नुकसान कुठलं, हे कागदावर ठरत नाही, फोटोत ठरतं. ताबा घेण्याच्या दिवशी मी त्यांना घरभर फिरून फोटो काढायला लावले. मास्टर बेडरूमच्या खिडकीखाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, ताटाएवढा फुगलेला डाग होता, रंगाचे पापुद्रे सुटलेले. बोट लावलं तर पांढरी भुकटी येत होती. ही ओल आतल्या पाइपातून झिरपणारी, भाडेकरूने केलेली नाही. तो फोटो, गीझरवरच्या लेबलचा फोटो, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या चिरेचा फोटो आणि वीजमीटरचं रीडिंग, असं सगळं त्याच दिवशी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. "मिळाले" एवढं त्यांचं उत्तर आलं की पुरे. करारात लिहिलं की गळती, प्लंबिंग आणि भिंतीतल्या वायरिंगची दुरुस्ती मालकाची, बल्ब, नळाचे वॉशर, गीझरची सर्व्हिसिंग भाडेकरूची, आणि कळवून पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करून बिल भाड्यातून वळतं करावं.

एक कलम मात्र मी हात न लावता तसंच ठेवलं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं, हे वाचून बायको घाबरली होती. पण ते भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्येच आहे. लायसन्स संपलं की राहण्याचा हक्क संपतो. त्यात मालकाला बोल लावण्यासारखं काही नाही. त्याचा उपाय एवढाच की पुढे राहायचं असेल तर नवा करार जुना संपायच्या आत करून घ्यावा, "करू हो पुढच्या महिन्यात" यावर राहू नये.

अंगठा देण्याआधी

आता खर्चाचं. चोवीस महिन्यांचं एकूण भाडं ४,३२,००० अधिक ४,५१,२००, म्हणजे ८,८३,२००. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दहा टक्के दराने दोन वर्षांचं व्याज धरायचं, ३०,०००. एकूण ९,१३,२०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, साधारण २,३००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर एजंटची बायोमेट्रिक घरी येऊन करण्याची फी. मूळ मसुद्यात सगळं भाडेकरूवर होतं, ते निम्मं-निम्मं झालं.

बायोमेट्रिकचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. इथे शेवटचा खाचखळगा असतो. तुम्ही वाचलेला आणि दुरुस्त केलेला मसुदा एक, आणि नोंदणीच्या संकेतस्थळावर भरलेला दुसरा, असं सर्रास होतं. एजंट जुनाच साचा उघडतो, नावं आणि रकमा बदलतो, बाकी तसंच. वादात ग्राह्य धरला जातो तो नोंदवलेला कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नाही. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की लॅपटॉपवरची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, मुलगा कितीही घाईत असो. आणि झालंही तसंच: लॉक-इन सहा महिन्यांचं झालं होतं, पण डिपॉझिट जप्तीचं वाक्य अकराव्या कलमात तसंच बसलेलं होतं. मुलाने एजंटला फोन केला, वाक्य काढलं, पीडीएफ पुन्हा काढली. वीस मिनिटं गेली. चहा झाला, आणि मग अंगठे झाले.

करार १ जूनपासून सुरू झाला.

ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या मध्यावर नवऱ्याची बंगळुरूला बदली आली, महिनाअखेर हजर व्हायचं. लॉक-इन ३० नोव्हेंबरपर्यंत होतं. त्यांनी १५ ऑक्टोबरला ईमेलने आणि पोस्टाने नोटीस दिली. नोटिशीचा महिना १५ नोव्हेंबरला संपत होता, पण लॉक-इन त्याच्या पुढे होतं, म्हणून देणं लागत होतं ते नोव्हेंबरअखेरपर्यंतचं किंवा नवा भाडेकरू येईपर्यंतचं.

३१ ऑक्टोबरला चावी दिली. काकांनी त्या दिवशी नोव्हेंबरचे ३६,००० आणि बिलांसाठीचे ५,००० मागे ठेवून १,०९,००० परत केले. बेडरूमच्या डागावरून थोडी कुरबूर झाली, तो आता परातीएवढा झाला होता. जूनमधला फोटो दाखवला, विषय मिटला. ताबा परत मिळाल्याची सही केलेली पावती मी घ्यायला लावली, त्यात तारीख, मीटरचं रीडिंग आणि "करार आजपासून परस्परसंमतीने संपुष्टात, फक्त कलम आठप्रमाणे देय रक्कम बाकी" असं एक वाक्य. नोंदणीच्या दप्तरात करार चोवीस महिन्यांचाच दिसत राहतो, तेव्हा मधेच सोडल्याचा हा कागद दोघांकडेही हवा.

एजंटला दुसऱ्यांदा ब्रोकरेज मिळणार होतं, त्यामुळे त्याने तत्परतेने हालचाल केली. नवीन कुटुंब १६ नोव्हेंबरला राहायला आलं. काकांनी उरलेल्या अर्ध्या महिन्याचे १८,००० परत पाठवले. वीजबिल १,८६० आणि गॅस ४१० वजा जाऊन ५,००० मधले २,७३० महिनाअखेरीस आले. दीड लाखातले १,२९,७३० परत मिळाले. मुदतीआधी घर सोडल्याचे गेले अठरा हजार. पहिल्या मसुद्याप्रमाणे हाच आकडा ३,७४,००० होता.

काकांनी नव्या भाडेकरूसाठी हाच करार पुढे वापरला. मला फोन करून एवढंच विचारलं की रंगकामाचे हप्ते संपल्यावर भाडं थोडं कमी करावं लागेल का. मी म्हटलं, नाही काका, ते हप्ते भाड्यात धरलेच नव्हते.